पाचशे तासांची नोंदवही

डी.फार्म.ची दोन वर्षं संपतात, निकाल लागतो, पण विद्यार्थ्याला लगेच फार्मासिस्ट म्हणून काउंटरवर उभं राहता येत नाही. त्याआधी ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण असतं. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे ते किमान तीन महिन्यांत विभागलेलं असावं लागतं आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात गेलेले असावे लागतात. रुग्णालयातलं औषधालय चालतं, परवाना असलेलं गावातलं मेडिकलही चालतं. अट एवढीच, की शिकणाऱ्याच्या शेजारी नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर तीन महिन्यांत रोज साधारण साडेसहा तास होतात.

या तासांचा हिशोब म्हणून कॉलेजला अहवाल द्यावा लागतो. स्पायरल बाइंडिंग केलेल्या अशा अहवालांचे गठ्ठे कॉलेजांत दरवर्षी जमा होतात आणि त्यांतल्या कित्येकांची रचना ठरलेली असते. पहिली पंधरा-वीस पानं फार्मसीच्या इतिहासाची, पुढची गोळ्या, कॅप्सूल आणि मलमांच्या व्याख्यांची, मग दुकानाचे फोटो, आणि शेवटी चार पानांची दैनंदिनी. त्या दैनंदिनीत रोज एकच वाक्य असतं : ‘चिठ्ठ्या पाहिल्या, औषधे दिली, रॅक लावले.’ इतिहास आणि व्याख्या पाठ्यपुस्तकात आहेतच. त्या मेडिकलमध्ये त्या तीन महिन्यांत काय घडलं, हे मात्र जगात दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं, आणि नेमकं तेच चार पानांत उरकलेलं असतं.

चांगला अहवाल उलट्या दिशेनं तयार होतो. आधी रोजची नोंदवही, मग तिच्यातून प्रकरणं. औषध देणं, समुपदेशन आणि साठा ही तीन मुख्य प्रकरणं. त्यांच्याआधी मुखपृष्ठ, प्रमाणपत्र आणि जागेची ओळख, एवढंच. जागेच्या ओळखीला एक पान पुरतं, पण त्या पानावर वाचणाऱ्याच्या उपयोगाची माहिती हवी. दुकानाशेजारी बालरोगतज्ज्ञ बसतात की मधुमेहाचे डॉक्टर, यावर तिथे कुठल्या चिठ्ठ्या येतात ते ठरतं. फ्रिज किती मोठा आहे, त्यात थर्मामीटर आहे का, बिल संगणकावर होतं की हातानं, औषधं कंपनीप्रमाणे लावली आहेत की नावाच्या अक्षरांप्रमाणे, एवढं कळलं की पुढच्या नोंदी वाचताना डोळ्यांसमोर दुकान उभं राहतं. दुकानमालकाचं चरित्र या पानावर नको.

नोंदवहीत कोणते रकाने असावेत, हे २५० तासांच्या अटीवरूनच ठरतं. ‘सकाळी ९ ते दुपारी ३.३०’ एवढंच लिहिलं तर त्यातले किती तास औषधं देण्यात गेले, हे तीन महिन्यांनंतर कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून रोजचे तास कामाप्रमाणे वेगळे लिहायचे, आठवड्याच्या शेवटी बेरीज करायची आणि एकूण आकडा पुढच्या पानावर ओढायचा. दिवसातली प्रत्येक चिठ्ठी लिहून काढायची गरज नाही. किती चिठ्ठ्या हाताळल्या तो आकडा द्यावा आणि ज्यांत काही विचार करावा लागला अशा दोन-तीनच सविस्तर लिहाव्यात. पुढे एका दिवसाची नोंद नमुन्यादाखल दिली आहे. माणसं आणि दुकान कल्पित आहेत, पण असे प्रसंग कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर येऊ शकतात.

दिवस २७, मंगळवार. सकाळी ९ ते दुपारी ३.३०. एकूण साडेसहा तास : औषध देणे ४, समुपदेशन १, साठा दीड. हाताळलेल्या चिठ्ठ्या : ३१.

१०.१५. औषध देणे. मुलगा, ४ वर्षे. चिठ्ठी : अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड ड्राय सिरप, ५ मि.ली.मध्ये २२८.५ मि.ग्रॅ.; ५ मि.ली. दिवसातून दोनदा, ७ दिवस. मी रॅकमधून ४५७ मि.ग्रॅ.चे खोके काढले. बिलाआधीच्या तपासणीत सरांनी थांबवले. बदलून २२८.५ दिले. औषध पेशंटच्या हाती गेलेले नव्हते. लागणारे औषध ७० मि.ली., बाटली ३० मि.ली.ची, म्हणून ३ बाटल्या. पाणी कसे घालायचे ते दाखवले.

११.४०. समुपदेशन. स्त्री, ६२ वर्षे. ४० युनिटची इन्सुलिन व्हायल, सिरिंज नारंगी टोपणाची मागितली. महिनाभर तीच वापरत आहेत. दरम्यान डॉक्टरांनी मात्रा २० वरून ३० युनिट केली आहे. सिरिंज दिली नाही, सरांना सांगितले. सरांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी आजच संध्याकाळी बोलावले आहे. आजचे इंजेक्शन सकाळी घेऊन झाले आहे.

२.००. साठा. अल्प्राझोलाम ०.२५ मि.ग्रॅ. मोजणी. संगणकावर १४५, प्रत्यक्षात १३६ गोळ्या. फरक ९. कारण सापडले : १८ तारखेच्या बिलात १० ऐवजी १ गोळी. सरांनी दुरुस्ती केली.

स्वाक्षरी : प्रशिक्षणार्थी. स्वाक्षरी : पर्यवेक्षक फार्मासिस्ट.

नोंद एवढीच. अर्ध्या पानाच्या आसपास. पण अहवालाच्या तिन्ही प्रकरणांना पुरेल इतकं साहित्य हिच्यात आहे.

औषध देण्याचं प्रकरण सहसा ‘चिठ्ठी स्वीकारणे, तपासणे, औषध काढणे, लेबल लावणे, देणे’ अशा पायऱ्यांच्या यादीनं सुरू होतं आणि तिथेच संपतं. सव्वादहाची नोंद त्या यादीत जीव घालते. एकाच कंपनीच्या ड्राय सिरपची दोन खोकी पाहिली तर नाव तेच आणि रंगसंगतीही बरीचशी सारखी, फरक फक्त आकड्यात असतो. ४५७चं औषध २२८.५च्या बरोबर दुप्पट. आईनं सांगितल्याप्रमाणे ५ मि.ली.च पाजलं असतं, तरी चार वर्षांच्या मुलाच्या पोटात दर वेळी दुप्पट औषध गेलं असतं. म्हणून या प्रकरणात अशा हुकता हुकता सावरलेल्या चुकांना स्वतंत्र जागा हवी. चूक कुठल्या पायरीवर झाली, कुठल्या पायरीवर सापडली आणि मधल्या पायरीवर ती का सापडली नाही, हे तीन मुद्दे लिहायचे. इथे औषध काढताना फक्त नाव वाचलं गेलं. चिठ्ठी आणि खोकं शेजारी धरून नाव, ताकद आणि प्रकार असं तीनदा ताडून पाहिलं असतं, तर चूक रॅकपाशीच थांबली असती. ही दोन्ही खोकी एकमेकांना चिकटून ठेवली होती, हेही लिहावं, कारण मग ती वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायचा विचार दुकानात होऊ शकतो. असं काही लिहिलं तर गुण जातील, अशी भीती विद्यार्थ्यांना वाटते. तीन महिन्यांत एकही चूक न सापडलेली वही मात्र कुठल्याही जाणत्या परीक्षकाच्या भुवया उंचावते.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा. दिवसाला १० मि.ली. म्हणजे सात दिवसांचे ७०. एका बाटलीत ३० मि.ली., म्हणजे दोन बाटल्या अपुऱ्या, तीन लागतात. पण तीनही बाटल्यांत एकदमच पाणी घालून ठेवणं शहाणपणाचं नाही, कारण या औषधात पाणी पडलं की ते फ्रिजमध्ये ठेवूनही साधारण सात दिवसच चांगलं राहतं. पहिली बाटली पहिल्या तीन दिवसांची, दुसरी चौथ्या ते सहाव्या दिवसाची, तिसरी सातव्या दिवशी उघडायची आणि तिच्यातलं उरलेलं २० मि.ली. टाकून द्यायचं. पुढच्या आजारपणासाठी जपून ठेवायचं नाही. पाणी उकळून थंड केलेलं. आधी थोडं घालून बाटली चांगली हलवायची, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरायचं. फेसाच्या पातळीलाच खूण समजून थांबलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक मात्रा जास्त दाट होते. अशी एखादी बारीक गोष्ट अहवालात आली, की लिहिणाऱ्यानं बाटली स्वतः हातात धरली होती याबद्दल शंका उरत नाही.

समुपदेशनाचं प्रकरण सगळ्यांत पातळ निघतं. ‘रुग्णास औषध वेळेवर घेण्यास सांगितले’ हे वाक्य पन्नास वेळा लिहिलं तरी त्यातून काहीच कळत नाही. समुपदेशनाची नोंद संवादाची असायला हवी : पेशंटला काय विचारलं, उत्तर काय आलं, त्यातून काय उघड झालं आणि मग काय केलं. अकरा चाळीसची नोंद या दृष्टीनं नीट उलगडून पाहण्यासारखी आहे.

भारतात बाटलीतलं, म्हणजे व्हायलमधलं इन्सुलिन बहुतेकदा एका मि.ली.ला ४० युनिट असतं. पेनच्या काडतुसातलं १०० युनिटचं असतं आणि १०० युनिटच्या व्हायलही मिळतात. त्याप्रमाणे सिरिंजही दोन. ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी लाल टोपणाची, १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी नारंगी टोपणाची. दोन्हींवर आकडे युनिटांचेच असतात आणि घोटाळा तिथेच होतो. नारंगी सिरिंजवर २०च्या रेघेपर्यंत ओढलं तर सिरिंजमध्ये ०.२ मि.ली. येतं. व्हायल ४० युनिटची असेल तर त्या ०.२ मि.ली.त इन्सुलिन भरतं फक्त ८ युनिट. बाई रोज नियमानं ‘वीस’ घेत होत्या आणि शरीराला मिळत होते आठ.

काउंटरवरचा संवाद असा झाला, असं समजू.

“काकू, ही सिरिंज आधीपासून वापरता का?”

“नाही रे, आधी लाल टोपणाची असायची. मागच्या महिन्यात ती मिळाली नाही, म्हणून ही घेतली. हीच बरी वाटते, रेघा बारीक आहेत.”

“आणि साखर कशी आहे सध्या?”

“वाढलीच आहे बाबा. डॉक्टरांनी वीसचं तीस केलं.”

सिरिंज चुकीची आहे, हे पहिल्याच उत्तरात कळलं. त्याच क्षणी लाल टोपणाची सिरिंज हातात देऊन प्रश्न सुटला असं मानण्याचा मोह इथे होतो, आणि धोका नेमका तिथे आहे. साखर वाढली ती कमी इन्सुलिनमुळे. डॉक्टरांना सिरिंजचं माहीत नसल्यानं त्यांनी मात्रा वाढवली. आता बाई नारंगी सिरिंजनं ‘तीस’ घेतात, म्हणजे प्रत्यक्षात १२ युनिट. योग्य सिरिंज हाती आली आणि त्यांनी तिच्यावरही तीसची रेघ गाठली, तर शरीरात एकदम ३० युनिट जातील, कालच्या अडीचपट. साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते : घाम, थरथर, भोवळ, पुढे शुद्ध हरपणं. म्हणून सिरिंज बदलण्याआधी डॉक्टरांना फोन करायलाच हवा. नवी मात्रा डॉक्टरच ठरवतील. फार्मासिस्टनं नाही आणि शिकाऊ विद्यार्थ्यानं तर नाहीच. फोनवर तीन गोष्टी सांगायच्या : कुठली व्हायल, कुठली सिरिंज, किती दिवसांपासून. डॉक्टर जे सांगतील ते वेळेसह नोंदवायचं.

साखरेचा प्रश्न विचारला नसता, तर मात्रा वाढवल्याचं कळलं नसतं. अहवालात हा हिशोब मांडून दाखवला, तर परीक्षकाला समुपदेशनाची व्याख्या वाचायची गरज उरत नाही. याच प्रकरणात पुढच्या भेटीची नोंदही जोडावी. चार दिवसांनी त्या बाई डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा घेऊन आल्या, त्यांना लाल टोपणाची सिरिंज दिली आणि ‘आता तुम्हीच ओढून दाखवा’ म्हणून रेघ दाखवायला लावली, असं. सांगितलेलं समजलं का, या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. करून दाखवायला सांगितलं की काय समजलं नाही ते दिसतं.

या प्रकरणाची मर्यादाही लिहावी लागते. गर्दीच्या वेळी, मागे सहा माणसं उभी असताना मधुमेहाबद्दल मोकळेपणी बोलणं अवघड असतं. किती पेशंटशी बोलता आलं नाही आणि का, हे प्रामाणिकपणे दिलेलं पान फार मोलाचं असतं.

साठ्याचं काम विद्यार्थ्यांना कंटाळवाणं वाटतं, कारण त्यांच्या वाट्याला सहसा खोकी उचलणं येतं. माल आला की बिलाशी ताडायचं : नाव, ताकद, नग, बॅच नंबर, एक्स्पायरी, छापील किंमत. इन्सुलिन किंवा लस आली असेल तर मोजणी नंतर. आधी ती २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्याला न चिकटवता, कारण गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी वापरण्याजोगं राहत नाही. फ्रिजचं तापमान सकाळी-संध्याकाळी लिहायचं. जुना माल पुढे आणि नवा मागे, हा नियम इथे थोडा बदलतो : आधी आलेला नव्हे, तर आधी संपणाऱ्या तारखेचा माल पुढे. नव्या मालाची तारीख कधी कधी जुन्यापेक्षा जवळची निघते. एक्स्पायरीवर फक्त महिना छापला असेल, तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, हेही नवख्याला माहीत नसतं.

खरं शिक्षण मोजणीत आहे. दोन वाजताची नोंद तिचा नमुना. अल्प्राझोलाम या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या शेड्यूल एच-१मध्ये येतात. हे शेड्यूल २०१४च्या मार्चपासून लागू आहे आणि त्यात सेफिक्झिमसारखी प्रतिजैविकं, क्षयाची औषधं आणि सवय लावणारी काही औषधं आहेत. ती चिठ्ठीवरच द्यायची असतात आणि विक्री वेगळ्या वहीत लिहावी लागते : डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग. ही वही तीन वर्षं जपून ठेवावी लागते.

महिन्याच्या सुरुवातीला १४० गोळ्या होत्या, १०० आल्या, संगणकाच्या हिशोबानं ९५ विकल्या. उरायला हव्या १४५. रॅकवर निघाल्या १३६. नऊ कमी. आता नऊ हा आकडाच बोलका आहे. गोळ्या दहाच्या स्ट्रिपमध्ये येतात. पूर्ण स्ट्रिप गहाळ झाली असती तर फरक दहाचा निघाला असता. नऊचा फरक निघतो तेव्हा बहुधा कुणीतरी दहा गोळ्यांची स्ट्रिप दिलेली असते आणि संगणकात नगाच्या जागी ‘१’ टाकलेला असतो. विद्यार्थ्यानं एच-१ची वही काढली, महिन्याच्या प्रत्येक नोंदीतला नग बिलाशी जुळवला आणि १८ तारखेला वहीत १०, बिलात १ असं सापडलं. पेशंटला औषध बरोबर गेलं होतं, पैसे मात्र एकाच गोळीचे घेतले गेले होते. दुरुस्ती फार्मासिस्टनं केली, विद्यार्थ्यानं नाही. नोंदीत हे स्पष्ट हवं.

तो फरक वहीतूनही उलगडला नसता, तर? तर ‘कारण सापडले नाही’ असंच लिहायचं आणि फार्मासिस्टच्या लक्षात आणून द्यायचं. सवय लावणाऱ्या औषधांच्या बाबतीत जुळवून आणलेला आकडा सगळ्यांत घातक, कारण चोरी झाली असेल तर ती त्याच आकड्याखाली झाकली जाते.

बनावट नोंदवही ओळखणं कठीण नसतं. तीन महिन्यांचं अक्षर एका बैठकीतलं वाटतं, शाई एकच. सगळे दिवस बरोबर साडेसहा तासांचे, चिठ्ठ्यांची संख्या नेहमी तीस किंवा चाळीस. दिवाळीला दुकान बंद असतं, तरी त्या दिवशीही ‘औषधे दिली’. पर्यवेक्षकाच्या सगळ्या सह्या एकाच कोनात, एकाच दाबाच्या. खऱ्या वहीत एखादा दिवस चार तासांचा असतो, एखाद्या दिवशी वीज गेल्यानं फ्रिजचं तापमान अकरापर्यंत चढलेलं असतं आणि त्यापुढे काय केलं ते लिहिलेलं असतं.

एक गोष्ट मात्र नोंदवहीत कधीच येऊ नये : पेशंटची ओळख. दुकानाच्या एच-१ वहीत नाव लिहिणं कायद्यानं आवश्यक आहे, पण विद्यार्थ्याचा अहवाल कॉलेजात हातोहात फिरतो. त्यात वय, स्त्री की पुरुष आणि औषध एवढं पुरे. चिठ्ठीचा फोटो जोडायचा तर पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक आधी काळ्या पट्टीनं झाकायचे आणि मग झेरॉक्स काढून तीच प्रत लावायची. मूळ कागदावर पेनानं गिरवलेलं नाव उजेडात धरलं की वाचता येतं. छोट्या गावात तर ‘६२ वर्षांच्या, शाळेजवळ राहणाऱ्या शिक्षिका’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, म्हणून पत्ता आणि पेशाही नको.

सही त्याच दिवशी घ्यावी. संध्याकाळी दुकानात गर्दी वाढण्याआधी, निघताना वही पुढे केली तर फार्मासिस्ट ती पाच मिनिटांत वाचून चूक दाखवतात. महिन्याच्या शेवटी तीस पानं एकदम पुढे आली की ती न वाचताच सही होते. प्रकरणं लिहायला शेवटचे दोन आठवडे पुरतात. प्रत्येक प्रकरणासाठी वहीतल्या पाच-सहा नोंदी निवडायच्या, प्रत्येकीपुढे तिचा दिवस-क्रमांक द्यायचा, म्हणजे वाचणाऱ्याला मूळ नोंद परिशिष्टात काढून पाहता येते. शेवटच्या पानावर तीन बेरजा : औषध देण्याचे तास, समुपदेशनाचे तास, साठ्याचे तास. तिन्ही मिळून ५०० किंवा जास्त, आणि पहिला आकडा २५०च्या खाली नको. वही सादर करण्याआधी तिची पूर्ण झेरॉक्स स्वतःजवळ ठेवावी, कारण मूळ प्रत कॉलेजच्या कपाटात गेली की ती हवी तेव्हा परत हाती येईलच असं नाही.